26 नोव्हेंबरचं भाषण: समानता सांगायची आणि रेघही समजावायची

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. संविधान दिनाला परिपाठात आठवी ते दहावीच्या मुलांपुढे आठ-नऊ मिनिटं बोलायचं आहे. विषय दिलाय ‘कायद्यापुढे समानता आणि वाजवी वर्गीकरण’. पहिला भाग जमतो, दुसऱ्यावर मीच अडखळते. सगळे समान म्हणायचं आणि लगेच वर्गीकरण चालतं म्हणायचं, हे मुलांना पटेल असं कसं सांगू? भाषणच लिहून मिळालं तर फार बरं होईल.

उत्तर:

बाई, अडखळता ते योग्य जागी अडखळता. बहुतेक भाषणं सात मिनिटं समानतेवर जातात आणि शेवटच्या मिनिटाला ‘मात्र याला काही अपवाद आहेत’ म्हणून वर्गीकरण उरकलं जातं. मुलं तिथेच हातून सुटतात, कारण त्यांच्या कानाला ते ‘सगळे समान, पण काही जास्त समान’ असंच ऐकू येतं. वर्गीकरण हा समानतेचा अपवाद नाही. कायदा करायचा म्हटलं की कुठेतरी रेघ मारावीच लागते: अठरा वर्षांच्या आतले आणि वरचे, वाहन चालवणारे आणि पायी जाणारे, नोकरीत असलेले आणि निवृत्त झालेले. कलम 14 रेघ मारायला मनाई करत नाही, फक्त मारणाऱ्याला जाब विचारतं. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. सुरुवातच रेघेपासून करा, आणि तीही मुलांच्या दप्तरात असलेल्या रेघेपासून.

मी जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मुख्यतः नोकरी-पेन्शनची प्रकरणं चालवतो. माझ्या टेबलावर येणारं निम्मं भांडण एखाद्या जीआरमधल्या तारखेचं असतं: या तारखेच्या आधी निवृत्त झालात तर एक, नंतर झालात तर दुसरं. त्यामुळे खाली निवडलेला मुख्य खटला पेन्शनचा आहे. मुलांना पेन्शन दूरची वाटेल असं समजू नका. घरोघरी आजी-आजोबा असतात.

बोलण्याआधी तीन चुका टाळा, मी त्या दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मंचावरून ऐकतो. कलम 14 मध्ये ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. भारतात आलेल्या परदेशी माणसालाही ते लागू होतं. दुसरं, ते ‘राज्य’ या शब्दाने सुरू होतं, म्हणजे बंधन सरकारवर आणि सरकारी यंत्रणेवर आहे. आईने धाकट्याला मोठा लाडू दिला तर कलम 14 धावून येत नाही. तिसरं, ‘वाजवी वर्गीकरण’ हे शब्द कलमात शोधून सापडणार नाहीत. ती कसोटी न्यायालयांनी निकालांतून घडवली आहे. ‘घटनाकारांनी कलम 14 मध्ये वाजवी वर्गीकरणाची तरतूद केली’ असं म्हणालात आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्या चौकस मुलीने पुस्तक उघडलं, तर पंचाईत.

आता भाषण. हे बोलण्यासाठी लिहिलं आहे, त्यामुळे वाक्यं मुद्दाम सैल ठेवली आहेत. शाळेत एसटीने येणारी मुलं नसतील तर सुरुवातीचं उदाहरण बदला, बाकीचं तसंच चालेल.

---

आदरणीय मुख्याध्यापक, सहकारी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांनो,

आज सकाळी एसटीने कोण कोण आलं? हात वर करा. आता त्यातल्या मुलींनी सांगा, पासाला किती पैसे भरले? काहीच नाही. आणि मुलांनो, तुम्ही? भरले ना. सवलत मिळाली, पण पैसे भरले.

गाडी एक, रस्ता एक, शाळाही एकच. आत्ता पाच मिनिटांपूर्वी आपण सगळ्यांनी एका सुरात उद्देशिका वाचली. तिच्यात ‘दर्जाची व संधीची समानता’ असं आहे. मग पासाच्या खिडकीवर ही समानता कुठे गेली? एखाद्या मुलाला हा प्रश्न पडला असेल तर तो चुकीचा नाही. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

संविधानाचं कलम 14 जेमतेम एका वाक्याचं आहे. राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढे समानता किंवा कायद्याचं समान संरक्षण नाकारणार नाही. नीट ऐकलंत तर त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, कायद्यापुढे समानता. कलेक्टरसाहेबांचा मुलगा विनाहेल्मेट सापडला आणि त्यांच्या ड्रायव्हरचा मुलगा विनाहेल्मेट सापडला, तर दंडाची पावती एकाच रकमेची. हे समजायला सोपं आहे.

दुसरी गोष्ट, कायद्याचं समान संरक्षण. इथे थोडं थांबूया. बोर्डाच्या परीक्षेत डोळ्यांनी न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. समजा बोर्ड म्हणालं, ‘सगळे समान! कोणालाही लेखनिक नाही, कोणालाही जादा वेळ नाही.’ दिसायला नियम एकदम समान. पण त्या विद्यार्थ्यासाठी परीक्षेचं दारच बंद झालं. जे सारख्या परिस्थितीत आहेत त्यांना सारखं वागवायचं, हा समान संरक्षणाचा अर्थ. परिस्थिती वेगळी असेल तर नियम वेगळा असू शकतो. नियम करताना सरकार जी रेघ मारतं, तिला कायद्याच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात.

पण सरकारने कुठेही रेघ मारावी आणि आपण मान डोलवावी, असं नाही. आपली न्यायालयं प्रत्येक रेघेला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न: रेघ स्पष्ट आहे का? म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हे नियम वाचून कळतं का? दुसरा प्रश्न: नियम ज्या कामासाठी केला, त्या कामाशी रेघेचा काही संबंध आहे का?

लावून बघूया एसटीच्या पासाला. आत कोण? शाळेत जाणाऱ्या मुली. स्पष्ट आहे. काम काय? गावातली शाळा संपली की पुढची शाळा दुसऱ्या गावात. तिथे जायला गाडीभाडं लागतं, आणि खर्चाचा प्रश्न आला की घरात आधी मुलीची शाळा थांबते. ती थांबू नये, हे काम. मुलीला पास मोफत दिला तर त्या कामाला हातभार लागतो. संबंध आहे. दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं.

आता मी नियम थोडा बिघडवते. समजा आगाराने पाटी लावली: ‘ज्यांचं नाव अ पासून सुरू होतं, त्याच मुलींना मोफत पास.’ अनिता, अश्विनी, अमृता खूश. रेघ स्पष्ट आहे? अगदी स्पष्ट. पण मुलींची शाळा सुटू नये या कामाशी ‘अ’ अक्षराचा काय संबंध? काहीच नाही. नियम दुसऱ्या प्रश्नावर पडला.

आणखी एक पाटी: ‘आगारप्रमुखांना योग्य वाटेल त्या मुलींना मोफत पास.’ हेतू कदाचित चांगला असेल. पण योग्य म्हणजे कोण? कशावरून? कागदावर काही नाही. इथे रेघच नाही, फक्त मर्जी आहे. हा नियम पहिल्याच प्रश्नावर पडला.

ही दुसरी पाटी मी गंमत म्हणून सांगितली नाही. 1950 साली पश्चिम बंगालमध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला. काही खटले लवकर निकाली काढावेत, हा हेतू. पण कोणते खटले? कायद्यात एवढंच होतं की सरकार सांगेल ते खटले. डमडम इथल्या एका कारखान्यावर सशस्त्र हल्ला झाला होता. त्या प्रकरणात अन्वर अली सरकार आणि त्याच्यासोबतच्या आरोपींना विशेष न्यायालयात उभं केलं गेलं आणि शिक्षा झाली. तसाच गुन्हा करणारा दुसरा कोणी नेहमीच्या न्यायालयात, नेहमीच्या संरक्षणासह लढू शकत होता. 11 जानेवारी 1952 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी सांगितलं की हे चालणार नाही. लक्षात घ्या, ही माणसं गंभीर गुन्ह्याचे आरोपी होती. तरीही कलम 14 त्यांचं होतं.

आणि पहिली पाटी, ‘अ’ अक्षराची? तशी पाटी कोणी लावत नाही, पण तारखेची लावतात. आता एक हिशेब करूया. आकडे मी सोपे करून घेतले आहेत. एका कचेरीत आबा आणि अण्णा दोघं कारकून. दोघांची नोकरी सारखी, पगारही सारखाच: शेवटच्या तीन वर्षांत पहिल्या वर्षी महिना 800 रुपये, दुसऱ्या वर्षी 900, तिसऱ्या वर्षी 1000. आबा 1979 च्या फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले. अण्णा मार्चअखेर. केंद्र सरकारने पेन्शन मोजायची नवी, जास्त उदार पद्धत आणली. जुन्या पद्धतीत शेवटच्या 36 महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे. ती साधारण किती आली? 900. नव्या पद्धतीत शेवटच्या 10 महिन्यांचीच सरासरी. ती आली 1000. म्हणजे अण्णांचं पेन्शन 1000 रुपयांच्या पायावर, आबांचं 900 च्या. का? तर नवी पद्धत 31 मार्च 1979 रोजी नोकरीत असलेल्या आणि त्या दिवशी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केली होती.

डी. एस. नकारा नावाचे अधिकारी 1972 सालीच निवृत्त झाले होते. ते आणि आणखी काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तेच दोन प्रश्न विचारले. रेघ स्पष्ट आहे? हो, तारीख आहे, त्याहून स्पष्ट काय असणार. मग दुसरा प्रश्न. नवी पद्धत कशासाठी आणली? महागाईत म्हाताऱ्या माणसाला मानाने जगता यावं म्हणून. मग आधी निवृत्त झालेल्याला महागाई कमी लागते का? उलट तो वयाने मोठा, त्याची गरज जास्त. 48 तासांच्या फरकाने निवृत्त होणाऱ्या माणसाचं काय होईल, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. तारखेचा आणि हेतूचा संबंध जुळेना. 17 डिसेंबर 1982 रोजी पाच न्यायाधीशांनी ती तारखेची अट काढून टाकली. तुमच्या आजोबांना विचारा, 17 डिसेंबरला पेन्शनर दिन का असतो. त्यांना माहीत असेल.

आज घरी गेल्यावर एक करा. कोणतीही एक सूचना शोधा, ग्रामपंचायतीच्या फलकावरची, बसमधली, आपल्याच शाळेच्या सूचनाफलकावरची चालेल. तिच्यात रेघ कुठे आहे ते बघा आणि तिला दोन प्रश्न विचारा. उद्या वर्गात मी ऐकणार आहे, आपल्या शाळेची सूचना नापास झाली तरी.

जय हिंद.

---

सावकाश बोललात तर हे आठ-नऊ मिनिटांत बसेल. आबा-अण्णांच्या हिशेबाला घाई करू नका. शक्य असेल तर 36 आणि 10 हे दोन आकडे फळ्यावर मोठे लिहून ठेवा, ऐकून हिशेब लक्षात राहत नाही. वेळ कमी पडला तर बंगालचा खटला गाळा, पेन्शनचा ठेवा. मुलांना तारीख आणि पैसे दिसतात, ‘विशेष न्यायालय’ म्हणजे काय हे समजावण्यात एक मिनिट जातं. वर्गीकरणाचा आणखी एक गाजलेला निकाल आपल्याच राज्यातला आहे, डान्सबारबंदीचा, 2013 चा. एकाच प्रकारचा नाच बारमध्ये बंद आणि तारांकित हॉटेलात चालू, ही रेघ तिथे टिकली नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी तो हमखास सांगतो. परिपाठाला नको, एवढं तुम्हाला सांगायची गरज नाही.

भाषणापेक्षा खरी परीक्षा नंतरच्या प्रश्नांत असते. अशाच एका कार्यक्रमात मी एसटीच्या पासाचं उदाहरण दिलं होतं. नववीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘सर, माझ्या वडिलांकडेही भाड्याला पैसे नसतात. शाळा माझीही सुटू शकते. मग मी रेघेच्या बाहेर का?’ सभागृह हसलं. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न वकिलाने विचारावा असा होता. या प्रश्नाकडे मी शेवटी येतो.

दुसरा हमखास येणारा प्रश्न आरक्षणाचा. आठ मिनिटांच्या भाषणात तो आपणहून उघडू नका, पण विचारला तर टाळूही नका. थोडक्यात उत्तर असं: त्यासाठी फक्त कलम 14 वर विसंबावं लागत नाही. कलम 15 आणि 16 मध्ये मागासवर्गांसाठी विशेष तरतुदी करण्याचा अधिकार संविधानानेच दिला आहे. कलम 15 मधला त्यासंबंधीचा चौथा खंड 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, स्त्रिया आणि बालकांसाठीचा तिसरा खंड पहिल्यापासूनच आहे. मुलींच्या पासाला आधार शोधायचा तर तो या तिसऱ्या खंडात सापडतो. एवढं सांगा आणि बाकी वर्गात, तासाला. परिपाठाच्या मैदानावर हा विषय अर्धवट राहिला की घरी जाईपर्यंत त्याचं काय होतं ते आपण जाणतोच.

तिसरा प्रश्न हुशार मुलं विचारतात: मग तारखेची प्रत्येक अट बेकायदा का? नाही, आणि इथे तुम्ही स्वतः घसरू नका. नकारा निकाल हातात घेऊन माझ्याकडे येणारे दहापैकी सात पेन्शनर याच गैरसमजात असतात. मतदानाला 18 वर्षं पूर्ण लागतात. एक दिवस कमी असलेला मुलगा त्या दिवसात काही अडाणी नसतो, पण रेघ कुठेतरी मारावीच लागते आणि वय आणि समज यांचा ढोबळ संबंध आहे. नकारामध्ये न्यायालय तारखेवर रागावलं नव्हतं. जे आधीच एका गटात होते, ज्यांची गरज एकच होती, त्यांचे तारखेने दोन तुकडे केले, याला हरकत होती. म्हणूनच 1990 मध्ये रेल्वेतले भविष्य निर्वाह निधी घेऊन निवृत्त झालेले कर्मचारी नकाराचा दाखला देऊन पेन्शन मागायला आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. निधीवाले आणि पेन्शनवाले हे मुळातच दोन वेगळे गट आहेत, असं ठरलं. नकारा निकालातही आधीच्या पेन्शनरांना नव्या पद्धतीने फेरहिशेब मिळाला तो ठरलेल्या तारखेपासून पुढे, त्याआधीच्या वर्षांची थकबाकी मिळाली नाही.

वर्गीकरणाची कसोटी हाताळताना मी स्वतः एक खूण बघतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. सरकारी वकिलाला विचारायचं, हेतू काय? उत्तरात हेतू सांगताना तो रेघच पुन्हा सांगत असेल, म्हणजे ‘31 मार्चनंतर निवृत्त होणाऱ्यांना लाभ देणे हाच हेतू’, तर समजायचं की पाणी मुरतंय. असं चालू दिलं तर कुठलीही रेघ दुसरी कसोटी पास होईल, कारण हेतू रेघेच्या मापाने शिवलेला असतो. वर्गीकरणावर नको इतका भर दिला तर कलम 14 चा आशय नकळत झिजत जाईल, असा इशारा न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच एका वेगळ्या मताच्या निकालपत्रात दिला होता. पुढे 1973 च्या रोयप्पा निकालापासून न्यायालय थेट मनमानी आहे का, हेही विचारू लागलं. दहावीपर्यंत एवढ्या खोलात जायची गरज नाही, पण विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असावं.

आता त्या नववीतल्या मुलाचं. त्याला मी सांगितलं की तुझी अडचण खरी आहे, पण या मुद्द्यावर न्यायालयात पास रद्द होणार नाही. कायद्याने एकाच वेळी सगळ्या अडचणी मिटवाव्यात, असं कलम 14 म्हणत नाही. जिथे गरज जास्त दिसते तिथून सरकार सुरुवात करू शकतं, आणि कोणी गरजू बाहेर राहिला एवढ्याने आतल्यांची रेघ चुकीची ठरत नाही. शिवाय कायदा घटनेला धरून आहे असंच न्यायालय आधी धरून चालतं, तो तसा नाही हे दाखवण्याचं ओझं तक्रार करणाऱ्यावर असतं. यावर तो म्हणाला, ‘मग माझं काय?’ मी म्हटलं, तुझी मागणी न्यायाधीशाकडे नाही, आमदाराकडे न्यायची आहे. अर्ज कसा लिहायचा ते कार्यक्रम संपल्यावर त्याच्या बाईंनी आणि मी त्याला बसवून दाखवलं. अर्जाच्या पहिल्या ओळीत त्याने ‘कलम 14 नुसार’ असं लिहिलं होतं. मी ते खोडून ‘विनंती आहे की’ केलं.